हातभर अंतरावरचा व्रण

भंडाऱ्याजवळच्या कारध्याच्या भय्याजी हटवारांनी आयुष्यात किती माणसांना म्हातारं केलं, किती सुनांना विधवा केलं आणि किती धडधाकट गड्यांच्या डोक्यातून रक्त काढलं, याचा हिशेब कुणी ठेवला नाही. दिवाळी सरली, गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरू लागली की झाडीपट्टीतल्या नाटक कंपन्यांना भय्याजी हवेच असत. रंगाची पत्र्याची पेटी खांद्याला लावून ते निघाले की धान मळून होईपर्यंत घरी टिकत नसत. लहानपणी तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल रंगवणारं पोरगं ते. बैलांच्या डोळ्यांत त्यानं असं काही काजळ भरलं की एका कंपनीच्या मालकानं विचारलं, "माणसायचे डोये रंगवशीन का?" तिथून जे सुरू झालं ते पन्नाशी, साठी ओलांडून चालूच राहिलं.

काय हात होता त्या माणसाचा! गोऱ्यापान नटाला तो अर्ध्या घटकेत कोळसा काढणारा मजूर करी. खलनायकाच्या गालावर कापूस आणि गोंद लावून असा वार उठवी की पुढच्या रांगेतल्या बाया "मायबाई" म्हणून पदर तोंडाला लावत. रंगवून झालं की भय्याजींची एक ठरलेली लकब होती. ते नटाला उभा करत, चार पावलं मागं सरत, डोळे बारीक करत आणि मान तिरपी करून पाहत. "हो, दिसते," एवढंच म्हणत. शेवटच्या रांगेत घोंगडी पांघरून बसलेल्या माणसाला दिसलं पाहिजे, एवढीच त्यांची परीक्षा. दिव्याखाली, लांबून. ती परीक्षा ते कधी नापास झाले नाहीत.

म्हणूनच तहसील कचेरीतला कोतवाल घरी आला, तेव्हा भय्याजींना वाटलं, छब्बीस जानेवारीच्या कार्यक्रमाला पोरं रंगवायची असतील.

"नाही जी," कोतवाल म्हणाला. "मॅडमनं पंच म्हणून बोलावलं. जेलात ओळख परेड हाय."

नायब तहसीलदार मॅडमनी भय्याजींचं काम शाळेच्या स्नेहसंमेलनात पाहिलं होतं. चांगला, गावात इज्जत असलेला, पोलिसांशी लागाबांधा नसलेला माणूस पंच हवा, म्हणून त्यांनी हे नाव काढलं. भय्याजींच्या बायकोनं, कुंताबाईनं, धुतलेला सदरा काढून दिला आणि म्हणाली, "जेलात जाऊन राहिले, पेटी कायले घेता? तिथं कोणाले मिशा लावता का?"

"पेटीशिवाय मी म्हणजे कोन?" भय्याजी म्हणाले.

ती पेटी त्या दिवशी घरी राहिली असती तर बरं झालं असतं.

प्रकरण पवनीचं होतं. विमलाबाई नावाची बाई तिथं बांगड्यांचं दुकान चालवे. संध्याकाळी दुकान बंद करून घरी जात असता गल्लीच्या तोंडाशी एका माणसानं तिला सुरा दाखवला आणि गळ्यातली पोत ओढली. बाई हिंमतीची. तिनं त्याचं मनगट धरलं, तर त्यानं सुरा चालवला. तिच्या तळहाताला टाके पडले. तेवढ्यात एक मोटारसायकल वळली आणि तिचा उजेड त्या माणसाच्या तोंडावर पडला. क्षणभरच. "डाव्या गालावर जुना व्रण होता," असं विमलाबाईनं रिपोर्टात लिहून दिलं. पुढे काही आठवड्यांनी पोलिसांनी जीवन नावाच्या एका तरुणाला धरलं. ट्रॅक्टरवर मजुरी करणारा, आधी एका चोरीत नाव आलेला. त्याच्या डाव्या गालावर व्रण होता. पोत सापडली नाही, सुरा सापडला नाही. होता तो गाल.

पोलिसांनी आपलं काम नेमानं केलं होतं. धरल्यापासून त्याचं तोंड बुरख्यानं झाकलं, फोटो कुणाला दाखवला नाही, विमलाबाईची आणि त्याची गाठ पडू दिली नाही. आता परेड व्हायची होती भंडाऱ्याच्या जेलात, आणि ती घ्यायची होती मॅडमनी. पोलिसांना आत थांबायची परवानगीच नसते.

जेलच्या फाटकावर पेटी उघडून पाहिली गेली. कात्री आणि पाती तिथंच ठेवून घेतली. रंग, कापूस, गोंद आत गेला. एका लांबट खोलीत मॅडम बसल्या होत्या, सोबत दुसरा पंच, पोस्टातून निवृत्त झालेला एक शांत माणूस. जेलातल्याच कच्च्या कैद्यांतून जीवनच्या वयाचे, उंचीचे, तशाच अंगलटीचे सहा जण निवडून उभे केले होते. जीवन त्यांच्यात मिसळून उभा राहणार आणि विमलाबाईनं सातांतून एक ओळखायचा. सगळं ठीक होतं. अडचण फक्त त्या व्रणाची.

"सातही जणांच्या डाव्या गालावर कागदाची पट्टी चिकटवायची," मॅडम म्हणाल्या. पट्ट्या कापून टेबलावर ठेवल्याही होत्या. "गाल झाकला म्हणजे व्रणावरून कुणी ओळखणार नाही. बाकीच्या चेहऱ्यावरून ओळखलं तर खरं."

भय्याजींनी त्या पट्ट्यांकडे पाहिलं, आणि त्यांच्यातला कलावंत उठून बसला.

"मॅडम, पट्ट्या कायले?" ते म्हणाले. "सातही मुंडावळ्या बांधलेले नवरदेव दिसतीन. मी हाय ना. असाच व्रण सहा जनायले काढून देतो. त्याच्या मायले बी समजनार नाही कोन्ता खरा."

"जमेल?"

"हे आपलं पोट होय जी."

मॅडमना वाटलं, झाकण्यापेक्षा सारखं करणं जास्तच चांगलं. त्यांनी होकार दिला. निवृत्त पोस्टमननी पट्ट्या एकावर एक ठेवून बाजूला सरकवल्या.

भय्याजी कामाला लागले. खोलीत ट्यूबलाइट होती. जीवनचा गाल त्यांनी नीट पाहिला. लहानपणी कधीतरी काहीतरी उकळतं सांडलं असावं. कातडी चुरगळून तशीच वाळली होती. मग एकेका कैद्याला स्टुलावर बसवून त्यांनी गोंद लावला, कापसाचा पातळ थर दिला, त्यावर रंग. कैदी मजेत होते. जेलात असा दिवस कुठला!

"भय्याजी, मले हिरोचा पार्ट द्या ना."

"हिरोच्या गालावर दाग नसते, बाबू. तू डाकूच बरा."

"डाकू तं मी हावोच," तो म्हणाला आणि सगळे हसले.

सहावा उठला तेव्हा भय्याजी मागं सरले, डोळे बारीक केले, मान तिरपी केली. सातही गाल एकाच आईचे. "हो, दिसते," ते म्हणाले.

मॅडमनी पद्धतीप्रमाणे जीवनला विचारलं, "रांगेत कुठं उभं राहायचं ते तू ठरव. कपडे बदलायचे असतील तर बदल." त्यानं एका कैद्याशी सदरा बदलला आणि पाचवी जागा घेतली. मग मॅडम म्हणाल्या, "या सहा जणांबद्दल तुझी काही हरकत आहे का?"

जीवननं रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. शेजारच्याच्या गालावर त्याची नजर थांबली. "मॅडम, यायच्या गालावरचं..." त्यानं सुरुवात केली.

"कोनाची काय हरकत राहीन जी!" भय्याजी मोठ्यानं म्हणाले. जन्मभर विंगेतून हाक मारलेला आवाज तो. खोली भरून गेली. "सातही सख्खे भाऊ दिसून राहिले. तुमच्या बापानं कुठं कुठं मुक्काम केला, पोट्टेहो?"

कैदी खो खो हसले. दुसरे पंचही हसले. जीवननंही ओठ थोडे हलवले आणि तो गप्प झाला. हरकत नाही, असं लिहिलं गेलं.

रांग बाहेर अंगणात लावली. सकाळचं ऊन भिंतीवरून सरळ चेहऱ्यांवर येत होतं, आणि त्या उन्हात भय्याजींनी आपलं काम पहिल्यांदा पाहिलं.

मंडळी, रंगमंचाचा दिवा उदार असतो. तो चुका पोटात घेतो. सूर्याला तसली दया नाही. दुसऱ्याच्या गालावर गोंद चकाकत होता. चौथ्याला घाम आला होता आणि कापसाची कड उचलली होती. सहावा नकळत गाल खाजवत होता. आणि मधे पाचवा, एकटाच, खऱ्या कातडीचा. जत्रेतल्या सहा मुखवट्यांमधे एक माणूस उभा असावा तसा.

अजून वेळ होता. पोस्टमन विमलाबाईला आणायला निघाले होते. "मॅडम, थांबा, पट्ट्याच लावा," एवढं म्हणायचं होतं. मॅडम भय्याजींकडे पाहून कौतुकानं हसल्या. भय्याजींनी हातातल्या पेटीची कडी लावली. आत्ताच आपण एवढं मोठ्यानं बोललो होतो!

विमलाबाई आली. बांधा लहान, हाताला अजून पट्टी. मॅडमनी सांगितलं, घाई करू नका, नीट पाहा, त्यांच्यात तो असेलच असं नाही. बाई रांगेजवळून चालू लागली. हातभर अंतरावरून. पहिला. दुसऱ्यापाशी ती थांबली, तोंड जवळ नेऊन गाल पाहिला, जसं एखादीनं लग्नात दुसरीच्या गळ्यातला दागिना खरा की खोटा ते पाहावं. तिसरा, चौथा, गालच. पाचव्यापाशी तिचे डोळे गालावर टेकले ते वर गेलेच नाहीत. तिनं जीवनच्या खांद्यावर हात ठेवला. "हाच."

पंचनामा लिहिताना मॅडमनी विचारलं, "व्रणांबद्दल काय लिहू?" भय्याजींना खरं सांगून सुटायला तेही एक दार होतं. ते म्हणाले, "हुबेहूब लिहा." आणि खाली लफ्फेदार सही केली.

त्या दिवशी वैनगंगेचा पूल ओलांडताना त्यांनी नदीकडे पाहिलं नाही. घरी कुंताबाईनं विचारलं, "कसं झालं?" तर म्हणाले, "एक नंबर." पानठेल्यावर लोकांनी विचारलं, तर तिथं तर पूर्ण प्रवेशच करून दाखवला. प्रत्येक वेळी सांगताना व्रण आणखी खरे होत गेले आणि भय्याजींना जेवण आणखी कमी जाऊ लागलं.

जीवनचा जामीन फेटाळला गेला. साक्षीदारानं परेडमधे ओळखलं आहे, हे एक मोठं कारण. ही बातमी त्यांना पानठेल्यावरच कळली, कुणीतरी पाठ थोपटून सांगितली: "भय्याजी, तुमच्या रंगानं पकडला गेला पाहा चोट्टा!" ते हसले. पुढच्या मंडईच्या दिवसांत कंपनीचं बोलावणं आलं, तर गुडघे दुखतात म्हणून गेले नाहीत. गुडघे ठणठणीत होते. हातात ब्रश घेतला की सहा गाल दिसत.

"काहून जात नाही?" कुंताबाईनं एकदा विचारलं. मग एकदम हळू आवाजात, "तिथं जेलात काही झालं का?"

"काही नाही झालं."

"तुमी खोटं बोलता तवा आवाज मोठा करता," ती म्हणाली आणि धान पाखडत बसली.

दीडेक वर्षानं सत्र न्यायालयात खटला उभा राहिला. विमलाबाईची साक्ष आधी झाली. तिनं पिंजऱ्यातल्या जीवनकडे बोट दाखवलं, "हाच होता." मग मॅडमची साक्ष झाली, आणि मग भय्याजींची पाळी. सरकारी वकिलांनी बाहेरच बजावलं होतं, "पंचनाम्यात आहे तेवढंच सांगा. फितूर होऊ नका." फितूर! साठ वर्षांच्या इज्जतीला तो शब्द चिखलासारखा लागला असता.

सरकारी वकिलांचे प्रश्न सोपे गेले. मग आरोपीच्या वकील उभ्या राहिल्या, उर्वशीताई, आवाज मऊ, हातात पंचनाम्याची प्रत.

"भय्याजी, यात 'हुबेहूब' असा शब्द आहे. कोणाचा?"

"माझा."

"रंगवून झाल्यावर तुम्ही काम तपासलं असेल ना? कसं तपासता?"

विचारणारीनं कलेबद्दल विचारलं, आणि अंग सवयीनं हललं. भय्याजी साक्षीच्या पिंजऱ्यात मागं सरले, कठड्याला पाठ लागली, डोळे बारीक केले, मान तिरपी केली.

"असं," ते म्हणाले.

"म्हणजे मागं जाऊन. लांबून."

"हो."

"आणि विमलाबाईंनी किती लांबून पाहिलं?"

समोर जीवन उभा होता. जेलात वाळला होता, त्यामुळे व्रण मोठा दिसत होता. मागच्या बाकावर विमलाबाई पदर हातात धरून बसली होती. पूर्ण जन्मात भय्याजी एवढ्या जवळून कुणाला दिसले नव्हते.

"हातभर," ते म्हणाले.

"हातभर अंतरावरून, उन्हात, तुमचा व्रण खरा वाटतो?"

आवाज मोठा करायचा मोह झाला. कुंताबाईचं बोलणं आठवलं की नाही कोण जाणे, पण आवाज बारीकच निघाला. "नाही वाटत. खोटा दिसत होता. मले तवाच दिसलं होतं."

"मग बोलला का नाही?"

"लाज वाटली."

न्यायाधीशांनी मान वर केली. भय्याजी थांबले नाहीत, कारण थांबले असते तर परत सुरू करता आलं नसतं. "साहेब, आनखी एक. त्या पोराले मॅडमनं हरकत विचारली, तवा तो गालायबद्दल बोलून राहिला होता. मी मधात बोललो. हसवलं सगळ्यायले. तो गप्प झाला. आनं त्या बाईनं चेहरा नाही पाहिला, गालच ओळखला."

"बाईनं काय ओळखलं ते तुम्ही नका सांगू," न्यायाधीश शांतपणे म्हणाले. "तुम्ही डोळ्यांनी काय पाहिलं ते सांगा."

"ती गालाजवळ तोंड नेऊन पाहत होती. प्रत्येकाच्या."

तेवढं लिहून घेतलं गेलं. सरकारी वकिलांनी साक्षीदार फितूर ठरवून उलट विचारायची परवानगी मागितली, आरोपीशी काय संबंध, काय मिळालं, असं खूप विचारलं. भय्याजींनी सगळ्याला "काही नाही" म्हटलं. फितूर हा शब्द लागलाच शेवटी. मागच्या बाकावर मॅडम होत्या. निघताना त्यांनी भय्याजींकडे पाहिलं नाही. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

निकालाच्या दिवशीही ते आले. कुणी बोलावलं नव्हतं. न्यायाधीशांनी जे सांगितलं त्यातलं त्यांना एवढं समजलं: परेड हा स्वतः पुरावा नव्हे, साक्षीदार कोर्टात जे सांगतो तो खरा पुरावा, आणि परेड त्याला फक्त आधार देते. इथं अनोळखी माणूस, तिन्हीसांजेला, क्षणभर दिसलेला. पोलिसांनी धरला तोच व्रणावरून, आणि परेडमधे खरा व्रण एकट्याचाच होता. म्हणजे बाईनं माणूस ओळखला की व्रण, हे सांगता येत नाही. तो आधार गेला. इतक्या काळानं पिंजऱ्यातल्या एकाच माणसाकडे केलेल्या नुसत्या बोटावर विसंबता येत नाही. मुद्देमाल सापडला नाही. संशयाचा फायदा. जीवन सुटला.

जीवन बाहेर आला तेव्हा भय्याजी पायऱ्यांशी उभे होते. ते हात जोडणार होते. जीवन जवळ आला, थांबला, आणि स्वतःच्या गालावरून अंगठा फिरवून पुढे गेला. तो चोर होता की नव्हता, हे त्या चालण्यावरून कळलं नाही.

विमलाबाई रस्त्यापलीकडे पवनीच्या बसची वाट पाहत होती. भय्याजी तिच्याजवळ गेले. "बाई, माह्यी चूक झाली."

ती ओरडली नाही. तळहातावरची जुनी खूण चोळत राहिली. "भाऊ, एक सांगा. तो होता का नव्हता?"

"मले कसं ठाऊक, माय?"

"मले ठाऊक होतं," ती म्हणाली. "त्या जेलात जाईपर्यंत ठाऊक होतं. आता डोये मिटले का त्याचाच चेहरा दिसते, पिंजऱ्यातला. त्या दिवशीचा आठवतच नाही. मी कितीक वेळा बसते आठवत. गाडीचा उजेड पडते, मनगट दिसते, अन् तोंडाच्या जागी हा पोट्टा येऊन उभा राह्यते. हा खरा का तुमच्या रांगेतला, कोन सांगीन?"

भय्याजींनी बस येते का ते वळून पाहिलं.

"तुमी नाटकवाले ना," ती म्हणाली. "एकडाव म्हना ना, तोच होता. खोटं तरी म्हना. मले झोप येईन."

तसं म्हणायला एक क्षणही लागला नसता. आयुष्यभर त्यांनी लोकांना रडवलं, घाबरवलं, मेलेली माणसं दाखवली, आणि लोकांनी ते सारं खरं मानलं. ओठ हललेही. पण त्या बाईकडे हातभर अंतरावरून पाहत असता त्यांना ते जमलं नाही. त्यांनी मान खाली घातली.

"असू द्या," विमलाबाई म्हणाली. बस आली होती.

ती चढली आणि पायरीवरच थांबली. मागचे लोक "चला ना बाई, आत सरका" म्हणत होते. ती जागा शोधत नव्हती. बसमधल्या एकेका माणसाचा डावा गाल ती पाहत होती.